लॉ व्हायवा: ड्राफ्टिंगच्या फायलीवर काय विचारतात आणि तोंडी उत्तर कसं द्यायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी धोबी तलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात वकिली करतो. संध्याकाळच्या बॅचला ड्राफ्टिंग शिकवतो आणि परीक्षेच्या दिवसांत व्हायवाच्या टेबलापलीकडे बसतो. दरवर्षी मुलं तेच प्रश्न विचारतात, तेही बहुतेक आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. हे सगळं 'ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्सिंग' या पेपरच्या व्हायवाबद्दल आहे. मूट कोर्ट आणि कोर्ट व्हिजिटच्या डायरीबद्दल शेवटी थोडं आहे.

व्हायवा तर दहाच मार्कांची. मग एवढी तयारी कशाला?

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत या पेपरची वाटणी दिली आहे. प्लीडिंगचे १५ मसुदे, प्रत्येकी ३ मार्क, म्हणजे ४५. कन्व्हेयन्सिंगचे १५, त्याचेही ४५. उरलेले १० व्हायवाचे. कागदावर हिशोब एवढाच आहे.

पण टेबलावर तुमची फाईल उघडी असते आणि समोर तुम्ही बसलेले असता. फायलीतला दावा तुम्ही लिहिला की झेरॉक्सवाल्याकडून घेतला, हे तिसऱ्या प्रश्नापर्यंत कळतं. एकदा ते कळलं की बाकीच्या पानांकडे बघायची माझी नजर बदलते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

परीक्षक प्रश्न आणतात कुठून? अंदाज बांधता येतो का?

येतो, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपा आहे. मी रात्री बसून प्रश्न काढत नाही. दिवसभरात पन्नास-साठ मुलं येतात, तेवढा वेळ कुणाकडे आहे? मी फाईल मधूनच कुठेतरी उघडतो आणि पानावर जे बोट ठेवण्यासारखं दिसेल त्यावर विचारतो. बोट कुठे जातं? कोर्टाच्या नावावर, कलमाच्या आकड्यावर, तारखेवर, रकमेवर आणि शेवटच्या व्हेरिफिकेशनवर. परिच्छेदांमधली भाषा क्वचितच वाचली जाते.

म्हणून तयारी करताना पुस्तक बाजूला ठेवा आणि स्वतःची फाईल परक्याची असल्यासारखी वाचा. प्रत्येक मसुद्यात या पाच जागांवर पेन्सिलने खूण करा आणि प्रत्येक खुणेला दोनच प्रश्न विचारा: 'हे इथे का?' आणि 'हे नसतं तर काय झालं असतं?' तीस मसुदे आहेत, पण त्यांतले बरेच एकमेकांचे भाऊबंद असतात, त्यामुळे खरे वेगळे प्रश्न चाळीसच्या आसपास निघतात. खुणेला विचारायच्या दोन प्रश्नांतला दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. पहिल्याचं उत्तर पाठ करता येतं, दुसऱ्याचं समजलं असेल तरच देता येतं, आणि परीक्षकाला तेच बघायचं असतं.

एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

दाखवतो. मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक फायलीत असतो तो लिव्ह अँड लायसन्सचा करार घेऊ. निम्मी मुलं स्वतः भाड्याच्या घरात राहत असल्यामुळे हा मसुदा त्यांना सोपा वाटतो, आणि तिथेच ती अडकतात.

समजा, करार मालाडच्या एका फ्लॅटचा आहे. मुदत ११ महिने, दरमहा लायसन्स फी ३०,००० रुपये, परत मिळणारं डिपॉझिट १,००,००० रुपये. मी पान उघडतो आणि बोट '११ महिने' वर ठेवतो.

'अकरा महिनेच का?'

दहातली आठ मुलं म्हणतात, 'सर, रजिस्ट्रेशन करायला लागू नये म्हणून.' आणि खुशीत गप्प बसतात.

हे उत्तर महाराष्ट्रात चूक आहे. त्याचं मूळ रजिस्ट्रेशन कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी तिथे सक्तीची केली आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची सवय पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. त्याला मुदतीची अट नाही. करार अकरा महिन्यांचा असो की पाच, नोंदवावाच लागतो.

हेच उत्तर तोंडी असं यायला हवं:

'सर, अकरा महिने ही प्रथा आहे, कायद्याची गरज नाही. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे.'

तीन वाक्यं, वीस सेकंदसुद्धा नाहीत. इथे थांबायचं. रजिस्ट्रेशन कायदा, कलम १७ वगैरे विचारलं तरच सांगायचं.

थांबल्यावर परीक्षक पुढे काय विचारतील?

तुमच्या शेवटच्या वाक्यातलाच एखादा शब्द उचलतील. वर आपण 'जबाबदारी घरमालकाची' म्हणून थांबलो, म्हणजे पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच: 'आणि त्याने नोंदवला नाही तर?'

याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं: 'दोन परिणाम होतात, सर. वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर येतं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.'

उत्तराचं शेवटचं वाक्य म्हणजे दरवाजा उघडा ठेवणं आहे. तुमच्या पायाखाली घट्ट जमीन असेल तिकडेच दरवाजा उघडा. मुलं नेमकं उलटं करतात. उत्तराच्या शेवटी एखादा भारी शब्द टाकतात, 'आणि सर, डॉक्ट्रिन ऑफ पार्ट परफॉर्मन्स पण येतं.' येतं का? मग सांगा कसं येतं. आणि मग शांतता.

याच करारावर आणखी काय विचारतात?

माझा आवडता प्रश्न ताब्याचा. गेल्या वर्षी एका मुलीच्या फायलीत शीर्षक ठळक अक्षरांत 'लिव्ह अँड लायसन्स करार' असं होतं आणि चौथ्या कलमात लिहिलं होतं, 'भाडेकरूस सदर जागेचा अनन्य ताबा देण्यात येत आहे.' भाडेपट्ट्याच्या नमुन्यातून वाक्य उचललं, 'भाडेकरू' हा शब्दही तसाच राहिला. मी विचारलं, 'हा करार लायसन्सचा की लीजचा?' ती शीर्षकाकडे बोट दाखवून म्हणाली, 'सर, इथे लिहिलंय ना.'

शीर्षकावर ठरत नाही. सुविधाधिकार कायदा, १८८२ चं कलम ५२ लायसन्सची व्याख्या करतं: जागेत काही करण्याची परवानगी, पण जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मधला भाडेपट्टा म्हणजे उपभोगाच्या हक्काचं हस्तांतरण, त्यात हितसंबंध जातो. दोन्हींतला फरक पक्षांच्या हेतूवरून आणि कराराच्या गाभ्यावरून बघायचा, नावावरून नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं. दिल्लीच्या एका हॉटेलातल्या केशकर्तनालयाच्या जागेचा तो वाद होता. अनन्य ताबा दिलेला असला तर पारडं लीजकडे झुकतं, पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही.

तिने काय म्हणायला हवं होतं? 'सर, शीर्षक लायसन्सचं आहे, पण चौथं कलम लीजसारखं लिहिलं गेलंय, ती मसुद्यातली चूक आहे. लायसन्समध्ये कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, लायसन्सीला फक्त वापराची परवानगी असते. मी ते कलम तसं दुरुस्त करीन.' स्वतःच्या फायलीतली चूक स्वतः दाखवून ती कशी सुधारायची हे सांगणाऱ्या मुलाचे मार्क मी तरी कापत नाही.

मुदत संपली आणि लायसन्सी घर सोडत नाही, मग कुठे जायचं? हा प्रश्न हमखास येतो का?

येतो, आणि यात एक खड्डा आहे. घर राहण्यासाठी दिलं असेल तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ लागतं. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि मुदतीनंतर घर अडवून ठेवल्याबद्दल लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. लायसन्सीला बचाव मांडायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानगी मागावी लागते, असं त्याच कायद्याचं कलम ४३ सांगतं.

हे सगळं धडाधड सांगितलं की परीक्षक शांतपणे म्हणतात, 'आणि दुकान असेल तर?'

कलम २४ फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरतं आहे. दुकानाचा किंवा ऑफिसचा लायसन्सी मुंबईत हटत नसेल तर प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स कायदा, १८८२ च्या कलम ४१ खाली स्मॉल कॉजेस कोर्टात दावा लावायचा. म्हणून पहिल्याच उत्तराची सुरुवात 'जागा राहण्यासाठी दिली असेल तर' अशी करा. ती अट तुम्ही आधीच घातलीत की खड्डा भरला, आणि परीक्षकाला कळतं की तुम्हाला कलमाची हद्द माहीत आहे.

स्टॅम्प ड्युटीचा हिशोब तोंडी विचारतात का?

विचारतात. अचूक आकडा मागत नाहीत, रीत मागतात. महाराष्ट्र स्टॅम्प कायद्याच्या अनुसूचीतला अनुच्छेद ३६-ए. पूर्ण मुदतीची फी, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज, आणि या बेरजेवर ०.२५ टक्के. हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला आहे.

आपल्या करारात ३०,००० गुणिले ११ म्हणजे ३,३०,०००. लाखाच्या डिपॉझिटवर अकरा महिन्यांचं व्याज सुमारे ९,१६७. बेरीज ३,३९,१६७, त्याचे पाव टक्का म्हणजे साधारण ८४८ रुपये, वरची गोळाबेरीज वेगळी. व्हायवात पहिली दोन वाक्यं सांगा, हिशोब मागितला तर कागद मागून घ्या. तोंडी गुणाकार करत वेळ घालवू नका, इथे कोणी अंकगणिताची परीक्षा घेत नाही.

प्रत्येक उत्तराला एकच साचा वापरू का?

साचा म्हणू नका, क्रम म्हणा. आधी थेट उत्तर, मग कलम, मग एका वाक्यात कारण, आणि खरंच असेल तर एक अपवाद. वीस ते चाळीस सेकंद. लेखी पेपरची सवय इथे नडते. पेपरात आपण प्रस्तावना, व्याख्या, कलम, केस, निष्कर्ष असं चढत जातो. तोंडी उत्तरात निष्कर्ष आधी लागतो, कारण समोरचा माणूस कधीही 'ठीक आहे, पुढे' म्हणू शकतो, आणि तोपर्यंत तुमचं उत्तर त्याच्या कानावर गेलेलं हवं.

'मनाई हुकुमासाठी काय दाखवावं लागतं?' असं विचारलं की 'मनाई हुकूम हा एक महत्त्वाचा उपाय आहे' असं सुरू करणारे निम्मे असतात. त्याऐवजी: 'तीन गोष्टी, सर. प्रथमदर्शनी प्रकरण, सोयीचा समतोल आणि भरून न येणारं नुकसान. अर्ज ऑर्डर ३९, नियम १ आणि २ खाली.' 'तीन गोष्टी' म्हटलं की आपल्या डोक्यालाही तीन शोधावेच लागतात. मात्र दोनच आठवत असतील तर आकडा आधी सांगू नका. तिसरी शोधत छताकडे बघणारा चेहरा मी रोज बघतो.

कलमाचा आकडा आठवला नाही तर?

तत्त्व सांगा, कायद्याचं नाव सांगा, आणि आकडा आठवत नाही हे सरळ कबूल करा. 'सर, भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची सक्ती आहे, कलमाचा आकडा आत्ता आठवत नाही.' हे अर्ध्याहून जास्त उत्तर झालं. अंदाजाने ठोकलेला आकडा चुकला तर तुमचं बरोबर असलेलं तत्त्वही संशयात येतं.

जुनी कलमं सांगायची की नवी?

जामिनाचा अर्ज फायलीत असेल तर हा प्रश्न टळत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. अटकपूर्व जामीन पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३८ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२. सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालयातला नियमित जामीन पूर्वी ४३९, आता ४८३.

यात एक गंमत आहे. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार, जो आता ५२८ मध्ये आहे. वर्षानुवर्षं कोर्टात घालवलेल्या परीक्षकाच्या कानाला '४८२' म्हटलं की एफआयआर रद्द करण्याचा अर्जच ऐकू येतो. म्हणून नुसता आकडा कधीच उच्चारू नका. 'नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२, म्हणजे जुनं ४३८' असं एकदा सांगा, मग पुढे नवा आकडा चालवा. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर शिक्षेची तरतूद जुन्या दंड संहितेतलीच लागते, हे वाक्यही तयार ठेवा, कारण फायलीतल्या अर्जात गुन्ह्याची तारीख असते आणि बोट तिथेच जातं.

सिनियरची फाईल बघून लिहिली आहे. पकडले जाऊ का?

बघून लिहायला कोणाची ना नाही, वकिलीतही आपण जुन्या मसुद्यावरूनच काम करतो. पकडले जातात ते न वाचता उतरवणारे. दोन जागा हमखास उघड्या पडतात.

पहिली जागा व्हेरिफिकेशन. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६, नियम १५ प्रमाणे कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून खरे आहेत आणि कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे मानले आहेत, हे परिच्छेदांच्या आकड्यांनिशी सांगावं लागतं. दाव्यात परिच्छेद अकरा आणि व्हेरिफिकेशनमध्ये 'परिच्छेद १ ते १४' असं मी एकाच दिवशी सात फायलींत पाहिलं. सातही जणांना विचारलं, 'बारावा परिच्छेद वाचून दाखवा.' सातही पानं उलटत बसले.

दुसरी जागा चेक बाउन्सच्या तक्रारीतल्या तारखा. सिनियरने वर्ष बदललं, धाकट्याने महिना बदलला आणि हिशोब मोडला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ आणि १४२ चा क्रम असा आहे. बँकेकडून चेक परत आल्याचं १० मार्चला कळलं, तर ३० दिवसांत, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत नोटीस द्यायची. नोटीस समोरच्याला २८ मार्चला मिळाली तर पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे १२ एप्रिलपर्यंत. तोवर पैसे आले नाहीत तर १३ एप्रिलला वादाचं कारण उद्भवतं आणि तिथून एक महिन्यात, १३ मेपर्यंत तक्रार दाखल करायची. एका फायलीत याच तारखा होत्या आणि तक्रारीखाली लिहिलं होतं ८ एप्रिल. ती तक्रार मुदतीआधीची, टिकणारच नाही. मुलाला वाटत होतं, लवकर दाखल केली म्हणजे चांगलंच.

व्हायवाच्या आदल्या दिवशी एवढं करा: प्रत्येक मसुद्यातल्या तारखा एका कागदावर ओळीने लिहा आणि परिच्छेद मोजा. तासाभराचं काम आहे.

परीक्षक 'नक्की?' म्हणाले की मी उत्तर बदलतो. काय करू?

'नक्की?' याचा अर्थ 'चूक' असा नाही. बरेचदा तो फक्त पाया तपासणारा प्रश्न असतो. उत्तर लगेच बदललंत तर पहिलंही अंदाजाने दिलं होतं हे सिद्ध होतं. आधार सांगून एकदा ठाम राहा: 'हो सर, कलम ५५ मध्ये मुदतीची अट नाही, म्हणून अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो.' आधार सांगता सांगताच चूक लक्षात आली तर तिथेच दुरुस्त करा, 'नाही सर, मी दुरुस्त करतो', आणि बरोबर उत्तर पूर्ण सांगा. यात लाज कसली, कोर्टात रोज चालतं.

काही परीक्षक मुद्दाम चुकीचं विधान करून बघतात. 'लायसन्स म्हणजे छोटं लीजच ना?' तेव्हा 'हो सर' म्हणू नका. 'सर, मला वाटतं फरक हितसंबंधाचा आहे' असं नम्रपणे वळवा.

मराठीत उत्तर दिलं तर चालेल का?

बसताक्षणी विचारा, 'मॅडम, मराठीत सांगितलं तर चालेल का?' माझ्या अनुभवात कोणी नाही म्हटलेलं नाही. पण कायद्याचे शब्द ज्या भाषेत शिकलात त्याच भाषेत ठेवा. 'प्रायमा फेसी' डोक्यात बसलं असेल तर 'प्रथमदर्शनी' शोधत अडखळू नका. वाक्य मराठी आणि पारिभाषिक शब्द ओळखीचा, हे मुंबईच्या कुठल्याही कोर्टाच्या पॅसेजमध्ये ऐकू येतं, तुमच्याही तोंडी शोभेल. फक्त अर्ध्या वाक्यात भाषा बदलू नका, कारण त्यात विचारही तुटतो.

किती केस लॉ पाठ करू?

ड्राफ्टिंगसाठी पाच-सहा पुरे. प्रत्येक केसची तीनच गोष्टी लक्षात ठेवा: वाद कशाचा होता, कोर्ट काय म्हणालं, आणि ते आपल्या मसुद्यातल्या कुठल्या वाक्याला लागू पडतं. तिसरी गोष्ट माहीत नसेल तर नाव घेऊ नका.

सराव कोणाबरोबर आणि कधी करायचा? नोकरीमुळे वेळ नाही.

संध्याकाळच्या बॅचचे बहुतेक असेच असतात. माझा एक विद्यार्थी वसईहून चर्चगेटला यायचा. त्याने चाळीस प्रश्न फोनवर स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केले, प्रत्येकानंतर चाळीस सेकंदांची शांतता ठेवून. गाडीत कानात इअरफोन घालून त्या शांततेत ओठ न हलवता उत्तर पूर्ण करायचा. बोरिवलीला गर्दी वाढली की बंद. पहिल्या आठवड्यात त्याचं कुठलंच उत्तर शांततेत मावत नव्हतं, तिसऱ्या आठवड्यात दहा सेकंद उरायला लागले.

त्याला आठवड्यातून एकदा जिवंत माणसाची जोड द्या. मित्र वकिलीचा नसला तरी चालतो, उलट घरातली आई किंवा बहीण बरी. तिला एवढंच सांगा की माझ्या शेवटच्या वाक्यातला जो शब्द कळला नाही तो उचलून 'म्हणजे काय?' विचार. परीक्षकही त्याहून फार वेगळं करत नाही.

कोर्ट व्हिजिट आणि मूटच्या व्हायवाला हेच लागू आहे का?

बरंचसं. त्या पेपरात मूट, खटल्यांचं निरीक्षण आणि इंटर्नशिप डायरी यांचे तीस-तीस मार्क आणि व्हायवाचे दहा. निरीक्षण एका दिवाणी आणि एका फौजदारी खटल्याचं. तिथे बोट 'साक्षीदाराची तपासणी पाहिली' या वाक्यावर जातं. सरतपासणी की उलटतपासणी? साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणारा प्रश्न वकिलाने विचारला का, आणि तो चालतो का? उलटतपासणीत सूचक प्रश्न चालतात, साक्ष अधिनियमाचं कलम १४६. डायरीत तुम्ही लिहिलेला एखादा खरा प्रश्न-उत्तराचा तुकडा असेल तर तोच सांगा. 'साक्षीदाराला विचारलं की तू दिव्याच्या उजेडात किती लांबून पाहिलंस' एवढ्या एका वाक्याने तुम्ही कोर्टात बसला होतात हे पटतं. कोर्ट रूमचा नंबर विचारला तर दचकू नका, काही जण तेवढंच विचारून सोडतात.

उत्तर संपलं हे कळवायचं कसं? मी शेवटी 'वगैरे' किंवा 'असं आहे सर' म्हणत राहतो.

शेवटच्या शब्दावर आवाज खाली आणा, ओठ मिटा आणि परीक्षकाकडे बघा. पहिली दोन सेकंदं फार लांब वाटतात, आणि नेमकी त्यातच मुलं 'म्हणजे सर' म्हणून पुन्हा सुरू होतात. त्या वेळी मी बहुतेक मार्कांच्या शीटवर काहीतरी लिहीत असतो. मला लिहू द्या.